सहा फुटी काठी आणि चार फूट दहा इंचांचा मुलगा

पत्र

नमस्कार,
माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, उंची १४७ सेंटीमीटर. तीन वर्षं कराटे शिकतोय, जूनपासून त्यांच्या क्लासमध्ये कोबुदोची, म्हणजे ओकिनावाच्या पारंपरिक शस्त्रविद्येची, बो काठी सुरू झाली. आम्ही ठाण्यात स्टेशनजवळच्या एका दुकानातून सहा फुटी लाकडी काठी आणली. वाण्याच्या काट्यावर ७८० ग्रॅम भरली. काठी फिरवताना तिचं टोक जमिनीला आपटतं आणि सरावानंतर त्याची मनगटं दुखतात. सर म्हणतात, सवय होईल. दुकानदार म्हणतो, ग्रॅफाइटची घ्या, २५० ग्रॅमची आहे. घरच्यांचं म्हणणं, मुलगा वाढतोय, मोठीच असू दे. क्लासमध्ये सध्या फक्त काता, म्हणजे एकट्याने करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम, घेतात, जोडीचा सराव पुढच्या वर्षी. डिसेंबरमध्ये पारंपरिक शस्त्र-काताची एक स्पर्धा आहे. नेमकी किती लांब, किती वजनाची काठी घ्यावी? आणि ही काठी कापून चालेल का?
— एक आई, कळवा

उत्तर

ताई, ती काठी कापू नका आणि ग्रॅफाइटचीही घेऊ नका. चिरंजीवांना सध्या साधारण १५२ ते १५५ सेंटीमीटर लांब, २२ ते २३ मिलीमीटर जाड, एकसारख्या जाडीची, कठीण लाकडाची काठी लागेल. वजन ४०० ते ४५० ग्रॅमच्या दरम्यान. हे आकडे कसे निघाले ते समजून घ्या, म्हणजे वर्षभराने उंची वाढल्यावर पुन्हा कुणाला विचारायला नको.

सहा फुटांचा हट्ट कुठून आला ते आधी. ओकिनावाच्या या काठीचं पूर्ण नावच रोकुशाकुबो. रोकु म्हणजे सहा, शाकु हे जुनं जपानी माप, साधारण ३०.३ सेंटीमीटरचं. सहा शाकु म्हणजे जवळपास १८२ सेंटीमीटर, आपल्या सहा फुटांपेक्षा जेमतेम सेंटीमीटरभर कमी. हे माप मोठ्या माणसाच्या शरीराचं आहे. सरांनी सहा फुटी सांगितली असेल तर ती परंपरेला धरूनच सांगितली. पण लहान मुलांसाठी पाच फुटी बो सर्रास मिळतात, आणि त्या उगाच बनत नाहीत.

आता टोक जमिनीला का आपटतं ते बघू. काठी मधोमध धरून शरीराच्या बाजूला उभी फिरवली की तिचं अर्ध अंग हाताच्या खाली येतं. सहा फुटी काठीचं अर्ध म्हणजे ९१ सेंटीमीटर. तुमचा मुलगा सरळ उभा राहिला आणि कोपर काटकोनात वाकवलं तर त्याची मूठ जमिनीपासून साधारण ९२-९३ सेंटीमीटरवर असेल. म्हणजे ताठ उभा असताना टोक कसंबसं सुटतं. पण कातामध्ये तो ताठ उभा नसतो. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय लांब ताणलेल्या पवित्र्यात, अख्खं शरीर दहा-बारा सेंटीमीटर खाली बसतं. मग मूठ ८२ वर आणि काठीचं अर्ध ९१ चं. आपटणारच. मूल एकतर हात वर उचलून फिरवायला लागतं किंवा पवित्राच उंच ठेवायला लागतं. दोन्ही खोडी एकदा अंगात भिनल्या की पुढे काढताना सरांचाच घाम निघतो. यात सवय होण्यासारखं काही नाही, हा निव्वळ भूमितीचा प्रश्न आहे.

म्हणून उंची भिंतीशी मोजून काठी ठरवण्यापेक्षा पवित्र्यात मोजा. घरात पाच मिनिटांचं काम आहे. त्याला अनवाणी झेनकुत्सु-दाचीत उभं करा, तो स्पर्धेत जेवढा खाली बसतो तेवढंच खाली. कोपर काटकोनात, मूठ पोटासमोर. मुठीच्या मध्यापासून जमिनीपर्यंत शिंप्याच्या टेपने मोजा. आलेल्या आकड्याची दुप्पट करा आणि त्यातून दहा सेंटीमीटर वजा करा, म्हणजे खालच्या टोकाला पाच सेंटीमीटर मोकळी जागा राहते. ८२ आले तर दुप्पट १६४, वजा १० म्हणजे १५४. ही झाली त्याची कमाल लांबी. मोजताना एक चूक हमखास होते: टेप बघायला मूल मान खाली घालतं आणि त्याबरोबर मूठही खाली येते. त्याला समोर बघायला सांगा आणि तीनदा मोजा.

आपल्याकडे 'उंचीपेक्षा थोडी जास्त' किंवा 'भुवयांपर्यंत' असे दोन ठोकताळे ऐकू येतात. दोन्ही खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या कामासाठी. पारंपरिक काता आणि जोडीच्या सरावाला उंचीपेक्षा थोडी लांब काठी लागते, कारण तिथे मागचं टोकही कामाला येतं. संगीतावर काठी गरगर फिरवणं, हवेत उडवून झेलणं असल्या खुल्या प्रकारांत ती भुवयांपर्यंतच ठेवतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती १३५ ते १४० ची भरेल. डिसेंबरची स्पर्धा पारंपरिक काताची आहे, त्यामुळे तो ठोकताळा आपल्या उपयोगाचा नाही. १५४ हे १४७ पेक्षा सात सेंटीमीटर जास्त, म्हणजे पवित्र्यातलं माप आणि परंपरेचा ठोकताळा इथे एकमेकांना धरूनच आहेत.

वरची मर्यादा जमीन ठरवते, खालची मर्यादा कोपर. बो साधारण तीन सारख्या भागांत धरतात, दोन हात या भागांच्या मधल्या दोन खुणांवर. डोक्यावरचा फटका पुढे येऊन थांबतो तेव्हा मागचा तिसरा भाग मागच्या हाताच्या कोपराखालून पाठीमागे जातो. काठी हाताच्या आधाराने स्थिर राहते ती इथे. मागचं टोक कोपराच्या मागे निदान चार बोटं गेलं पाहिजे. त्याच्या आत राहिलं तर ते बरगडीत किंवा हाताच्या आतल्या बाजूला टोचतं. आणि टोक कोपराच्या फार मागे गेलं तर हात बदलताना गीच्या, म्हणजे कराटेच्या पोशाखाच्या, बाहीत किंवा पट्ट्यात अडकतं. त्याची सध्याची काठी ६१ सेंटीमीटरच्या तीन भागांत विभागते. मुठीपासून कोपरापर्यंत त्याचा हात ३५ सेंटीमीटरच्या आसपास असेल, म्हणजे मागे पाव मीटर काठी लोंबकळते. शिवाय दोन हातांत ६१ सेंटीमीटर अंतर ठेवायचं तर पुढचा हात कोपरात ताठ होतो, आणि ताठ हाताने फटका थांबवता येत नाही. १५४ ची काठी ५१-५२ च्या तीन भागांत पडते. तिच्यावर कोपर थोडं सैल राहतं आणि मागचं टोक वीतभराच्या आत.

आता मनगटं. तुम्ही वजन मोजलंत ते चांगलं केलंत. पण मनगटाला त्रास देतं ते काट्यावरचं वजन कमी आणि टोकाकडचं वजन जास्त. पंखा सुरू करताना पात्याच्या बुडाला ढकललं तर जड लागतं आणि टोकाला ढकललं तर हलकं, तसंच हेही, फक्त उलट्या बाजूने: मधोमध धरलेल्या काठीचं टोक जेवढं लांब, तेवढं ते फिरवायला आणि थांबवायला जड. तीच काठी, तीच जाडी ठेवून १८३ ची १५५ केली, तर वजन उतरेल फक्त १५ टक्के, ७८० चं ६६०. पण फिरवायला लागणारा जोर जवळपास ४० टक्क्यांनी उतरेल, कारण एकसारख्या जाडीच्या काठीत तो लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून हलकी काठी शोधण्याआधी योग्य लांबी ठरवायची असते. दुकानदार नेमका उलटा रस्ता दाखवतोय.

जाडीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. १८३ सेंटीमीटरला ७८० ग्रॅम म्हणजे तुमची काठी बहुधा २८ मिलीमीटर जाड असणार. ते मोठ्या माणसाच्या हाताचं माप झालं. मुलाला काठी मुठीत धरायला सांगा. अंगठ्याच्या पेराने मधल्या बोटाचं नख झाकलं गेलं पाहिजे. नुसती टोकं एकमेकांना टेकत असतील किंवा मध्ये फट राहत असेल, तर काठी जाड आहे. जाड काठी पकडून ठेवायलाच मूठ सतत आवळावी लागते आणि आवळलेल्या मुठीत मनगट वळत नाही. मग सगळा पीळ पुढच्या हाताच्या स्नायूंवर येतो. मनगट दुखण्याचं अर्धं कारण इथेच असावं. उलट अंगठा मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत पोचत असेल तर काठी बारीक, ती घामट हातात स्वतःभोवतीच फिरते. १३ वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा २२-२३ मिलीमीटर जमते. (काठी आठवडाभर पूर्ण बंद ठेवूनही मनगट दुखतच राहिलं तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तो काठीच्या मापाचा विषय राहत नाही.)

१५४ सेंटीमीटर आणि २२ मिलीमीटर ही मापं ओकसारख्या लाकडात धरली की वजन आपोआप ४०० ग्रॅमच्या थोडं वर येतं. तुमच्या आत्ताच्या काठीच्या मानाने फिरवायचा जोर दोन-पंचमांश उरतो. वजन वेगळं शोधावं लागत नाही. तरी हातात घेतल्यावर एक परीक्षा घ्या. डोक्यावरचा फटका ओळीने दहा वेळा मारायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून फक्त पुढच्या टोकाकडे बघा. ठरलेल्या जागी ते थांबलं पाहिजे. आठव्या-नवव्या फटक्याला टोक तळहाताच्या रुंदीपेक्षा जास्त खाली घसरत असेल, किंवा ते थांबवताना मागची टाच उचलली जात असेल, तर काठी त्याला अजून जड आहे. आणि कंबर न वळवता नुसत्या हातांनी तो दहाही फटके सहज मारून मोकळा झाला, तर फार हलकी.

ग्रॅफाइट नको म्हणण्याचं कारण हेच. २५० ग्रॅमच्या काठीला कंबरेची गरजच पडत नाही. मुलगा आठवड्याभरात वेगवान दिसायला लागेल, घरातले खूश होतील, आणि पारंपरिक काताच्या पंचांना पहिल्याच फटक्यात दिसेल की जोर खांद्यातून येतोय. शिवाय ती काठी आपटण्यासाठी बनलेलीच नाही. काही कातांत टोक जमिनीवर टेकवायचं असतं, पुढच्या वर्षी जोडीचा सरावही येणार. अशा ठिकाणी ती काठी तडकते, आणि तडकलेल्या कार्बनच्या कुसळी हातात घुसल्या की काढायला त्रास. उडवाउडवीच्या खुल्या प्रकारांत तिला तोड नाही, हेही खरं. त्याच कारणासाठी टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या स्पर्धेच्या लाकडी काठ्याही आत्ता टाळा: टोकं बारीक असल्याने फिरायला हलक्या, पण एका खणखणीत आघातात तिथेच मोडतात.

दुकानात पाच फुटी काठी मागितलीत तर ती १५२ सेंटीमीटरची निघेल. दोन सेंटीमीटरसाठी अडून बसू नका, घ्या. फक्त घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, काठी डोळ्यासमोर धरून नळीतून बघितल्यासारखं एका टोकाकडून दुसरीकडे बघा आणि मग सपाट लादीवर घरंगळू द्या. उड्या मारत गेली तर वाकलेली आहे. दोन, लाकडाच्या रेषा बघा. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काठीच्या लांबीला धरून गेल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर काठी एक दिवस त्याच तिरक्या रेषेवर भाल्यासारखी चिरफळणार. गाठ असलेली काठी फुकट दिली तरी नको. तीन, काठीचा मध्य मोजून तिथे एका बोटावर तोला. तोल मध्यापासून दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर ती फिरवताना लंगडते.

या तिसऱ्या परीक्षेतच बांबू बहुतेक वेळा नापास होतो. लाठीकाठीला भरीव बांबू उत्तम आणि कोकणातला माणगा तर जवळजवळ आतपर्यंत भरीव असतो, म्हणून बुरुडाकडून स्वस्तात आणावा असा विचार मनात येतोच. पण बांबू बुडाला जाड आणि शेंड्याला बारीक. लाठीत ते चालतं, बोची दोन्ही टोकं मात्र आलटूनपालटून मारतात, म्हणून तोल मध्यातच हवा. पोकळ बांबू तर आणूच नका, तो उभा फाटतो आणि त्याच्या कडा पात्यासारख्या असतात.

पुढच्या वर्षी जोडीचा सराव सुरू झाला की त्यासाठी वेताची वेगळी काठी घ्या, याच लांबीची, २४-२५ मिलीमीटर जाड. वेत मार खाऊन पिंजतो, एकदम मोडत नाही. फक्त काता करताना तो लवतो आणि टोक थरथरतं, म्हणून डिसेंबरसाठी लाकूडच. आणि समोरच्याच्या हातात ओक असेल तर आपला वेत नेऊ नका, सरांना सांगून दोघांचंही एकाच प्रकारचं ठेवा.

आता जुन्या काठीचं. कापायची झाली तर दोन्ही टोकांकडून सारखीच, १४-१४ सेंटीमीटर कापावी लागेल. लांबी बरोबर येईल, पण जाडी २८ च राहील आणि मनगटाचं दुखणं तसंच. सुताराकडून रंधा मारून बारीक करायला गेलात तर कुठे २३, कुठे २५ अशी होते आणि तोल जातो. त्यापेक्षा ती तशीच जपून ठेवा. उंची आणि मुठीची पातळी साधारण एकाच प्रमाणात वाढते, त्यामुळे आत्ताच्याच हिशोबाने १६० सेंटीमीटर उंचीला साडेपाच फुटी, आणि १७२ च्या आसपास हीच सहा फुटी काठी त्याच्या मापाची होईल. 'मोठीच असू दे' हे घरच्यांचं म्हणणं तेव्हा खरं ठरेल. मध्ये दर चार-पाच महिन्यांनी पवित्र्यातलं माप घ्या. मोकळी जागा पाच सेंटीमीटरवरून दहावर गेली की पुढची काठी.

कळव्याहून क्लासला रिक्षाने जात असाल तर पाच फुटी काठी पायांजवळून तिरकी बसते, बाहेर डोकावत नाही. सहा फुटी कुणाच्या तरी डोळ्यात जाणार. या सोयीसाठी मधोमध पेच असलेल्या दोन तुकड्यांच्या काठ्याही दाखवतात. पेचाचं वजन मध्यात असल्याने फिरवायला ती जड होत नाही, काताला चालूनही जाईल. पण महिन्याभरात पेच सैल होतो, प्रत्येक फटक्याला खडखडतो, आणि जोडीच्या सरावात मोडते ती तिथेच.

आणि आपल्या हवेबद्दल, कारण खाडीलगतच्या दमटपणात नवी काठी दोन पावसाळ्यांत धनुष्य होते. भिंतीला टेकवून कोपऱ्यात उभी ठेवू नका. ती आपल्याच वजनाने वाकते आणि ओल लागून तशीच राहते. कपाटावर आडवी, पूर्ण टेकेल अशी ठेवा, किंवा एका टोकाला दोरी बांधून सरळ टांगा. वरचं चकचकीत वार्निश घामाने चिकट होतं आणि हात सरकत नाही. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने ते उतरवा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल पातळसर चोळा. अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्या, दोन दिवस वाळू द्या. पावसाळ्याआधी आणि नंतर असं वर्षातून दोनदा पुरे. ज्या फडक्याने तेल लावलं ते चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं मोकळ्या हवेत पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, मग टाका.

सरावाआधी मुलाला काठी मध्यात सैल धरून टोक लादीवर हलकेच टेकवायला शिकवा. धड काठी टणक वाजते. आवाज बद्द आला तर कुठेतरी भेग आहे, बोटाच्या नखाने लांबीभर चाचपली की सापडते. भेग सापडली की त्या दिवसापासून ती काठी बंद. चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका, पट्टीने भेग झाकली जाते, जुळत नाही.

सरांशी बोलताना 'काठी मोठी आहे' असं म्हणू नका. मुलाला झेनकुत्सु-दाचीत उभं करून दोन्ही काठ्या एकेकदा फिरवायला सांगा आणि सरांना टोक बघू द्या. स्पर्धेच्या नियमपत्रकात काठीची किमान लांबी दिली आहे का, एवढं मात्र त्यांनाच आधी विचारून घ्या. दिली असेल तर खरेदी त्या आकड्यानुसार करा.